ज्युनिअरची बँक रिकन्सिलिएशन फाइल तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सीए ऑफिसमध्ये किंवा कारखान्याच्या अकाउंट्स विभागात दोन-तीन वर्षं काढली की एक दिवस दुसऱ्याची फाइल तपासायची जबाबदारी अंगावर येते. स्वतः बीआरएस करणं आणि दुसऱ्याची बीआरएस तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम सहसा कुणी बसवून शिकवत नाही. नव्याने रिव्ह्यू करू लागलेले सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: भोसरी एमआयडीसीतली सुटे भाग बनवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तिचं एक करंट खातं आणि ३१ मार्च २०२५ ची बीआरएस. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण यातली प्रत्येक गडबड मार्च अखेरीच्या फाइलमध्ये हमखास भेटणारी आहे.

बीआरएस जुळली आहे, फरक शून्य आहे. मग तपासायला उरलं काय?

जवळजवळ सगळंच. फरक शून्य आला याचा अर्थ एवढाच की बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. मधे लिहिलेल्या ओळी खऱ्या आहेत का, हे त्या शून्यावरून कळत नाही. ही ज्युनिअरने दिलेली बीआरएस पाहा:

बँक बुकप्रमाणे शिल्लक: १८,४२,६५०
अधिक, दिलेले पण न वटलेले चेक: ३,१६,२००
वजा, भरलेले पण जमा न झालेले चेक: १,४५,०००
वजा, बँक चार्जेस, बुकात नोंद नाही: १,७७०
अधिक, ग्राहकाने थेट जमा केलेली रक्कम, बुकात नोंद नाही: ८८,५००
बँक स्टेटमेंटप्रमाणे शिल्लक: २१,००,५८०

बेरीज करून बघा, पैशाचाही फरक नाही. तरीही मधल्या चारही ओळींत काही ना काही दुरुस्ती निघते, आणि शेवटी बुकातली बँक शिल्लक १,७२,२३० रुपयांनी वाढते. ती कशी, ते पुढच्या उत्तरांत येईल.

सुरुवात कुठून करायची?

बीआरएसच्या कागदापासून करू नका. आधी बँक स्टेटमेंट आणि ट्रायल बॅलन्स हातात घ्या. ज्युनिअरने तयार केलेला तक्ता आधी वाचला की आपली नजर त्याच्याच वाटेने जाते आणि जे तक्त्यात नाही ते आपल्यालाही दिसत नाही.

पहिला प्रश्न फाइल पूर्ण आहे का, हा. ट्रायल बॅलन्समध्ये बँकेची जितकी लेजर आहेत तितक्या बीआरएस फाइलमध्ये हव्यात. करंट, कॅश क्रेडिट, परकीय चलनाचं खातं, फिक्स्ड डिपॉझिट, सगळी मोजा. मग मागच्या वर्षीच्या बॅलन्स शीटशी ताडून पाहा: तेव्हा असलेलं एखादं खातं यंदा दिसत नसेल, तर ते बंद झाल्याचं बँकेचं पत्र मागा. वर्षभर एकही एंट्री नसलेलं खातंही सोडायचं नाही. "त्यात काहीच हालचाल नाही सर" हे उत्तर मिळतं, पण हालचाल नाही हे बँकेच्या कागदावरून दिसलं पाहिजे.

पुण्यात यात एक खास भर पडते. इथल्या जुन्या कंपन्यांची सहकारी बँकांत खाती असायची. रुपी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केला. ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. अशा खात्याची त्याहून मोठी शिल्लक कुणाच्या ट्रायल बॅलन्समध्ये अजून जशीच्या तशी पुढे ओढली जात असेल, तर तिथे बीआरएस जुळवून काम संपत नाही. ती रक्कम वसूल होण्याजोगी आहे का, हा प्रश्न वर न्यावा लागतो.

बँक स्टेटमेंट पीडीएफ हवं की एक्सेल चालेल?

कामासाठी एक्सेल चालेल, पुरावा म्हणून पीडीएफच, तेही नेट बँकिंगवरून थेट उतरवलेलं किंवा बँकेच्या ईमेलवरून आलेलं. शक्य असेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने ते स्वतः उतरवावं, निदान वर्षअखेरीला तरी. एक्सेलमध्ये एखादी ओळ पुसली गेली किंवा एखादा आकडा बदलला, तर पाहून कळत नाही.

एक साधी चाचणी मात्र दोन मिनिटांत होते. समजा C मध्ये नावे, D मध्ये जमा आणि E मध्ये शिल्लक आहे, आणि पहिली ओळ २ वर आहे. तर तिसऱ्या ओळीपासून रिकाम्या कॉलममध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

प्रत्येक ओळीला शून्य यायला हवं. जिथे शून्य येत नाही तिथे ओळ गाळलेली, बदललेली किंवा वरखाली झालेली आहे. बहुतेक वेळा कारण निरुपद्रवी असतं, पीडीएफचं एक्सेल करताना पानाच्या शेवटची ओळ सुटलेली असते. पण कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी पहिली आणि शेवटची शिल्लक पीडीएफशी डोळ्यांनी जुळवा.

"भरलेले पण जमा न झालेले चेक" या ओळीत काय पाहायचं?

माझ्या मते सगळ्या बीआरएसमधली सर्वात बोलकी ओळ ही आहे, म्हणून इथे सविस्तर सांगतो. आपल्या उदाहरणात या १,४५,००० मध्ये दोन नोंदी आहेत: २९ मार्चचे ५६,५०० आणि १८ मार्चचे ८८,५००.

पहिली नोंद सरळ आहे. २९ तारखेला शनिवारी चेक भरला, पे-इन स्लिपवर बँकेचा शिक्का आहे, ३० ला रविवार, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांचे व्यवहार वार्षिक हिशेबासाठी बंद, आणि २ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम जमा. उशीर का झाला ते कॅलेंडरच सांगतंय.

दुसरी नोंद मात्र खटकली पाहिजे. १८ मार्चला मंगळवारी भरलेला चेक ३१ मार्चपर्यंत जमा होत नाही? गावातल्या क्लिअरिंगला इतके दिवस लागत नाहीत. त्यातून ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअर होऊ लागले आहेत, त्यामुळे त्यानंतरच्या फाइलमध्ये चार-पाच कामाचे दिवस रखडलेला चेक दिसला तरी कान टवकारा. असा चेक एक तर परत आलेला असतो, नाही तर कधी भरलेलाच नसतो.

इथे पे-इन स्लिप मागितली तर मिळाली नाही. एप्रिलचं स्टेटमेंट २५ तारखेपर्यंत पाहिलं, ८८,५०० चा चेक जमाही नाही आणि परतही नाही. आता वरची बीआरएस पुन्हा पाहा. "ग्राहकाने थेट जमा केलेली रक्कम" म्हणून तेवढाच आकडा दुसऱ्या बाजूला बसलाय. स्टेटमेंटमध्ये तो १९ मार्चचा एनईएफटी आहे, आणि नॅरेशनमध्ये त्याच ग्राहकाचं नाव आहे.

घडलं असं: ग्राहकाने "पेमेंट पाठवलंय" असा मेल केला, ज्युनिअरने १८ तारखेला चेक समजून रिसीट टाकली, आणि प्रत्यक्षात पैसे एनईएफटीने आले. एकाच पैशाची बुकातली नोंद एका ओळीत लटकली आणि बँकेतली दुसऱ्या ओळीत. एक अधिक, एक वजा, म्हणून फरक शून्य. बिलही ७५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे बरोबर ८८,५०० चं एकच आहे.

हे मार्चमध्ये पकडलं नाही, तर एप्रिलमध्ये कुणीतरी "थेट जमा" साफ करायला दुसरी रिसीट टाकतं. मग ग्राहकाचं खातं दोनदा जमा होतं, वसुलीवाला त्याच्याकडे पैसे मागायचं सोडून देतो, आणि चेकची नोंद महिनोन्महिने बीआरएसमध्ये पडून राहते. म्हणून सवय लावून घ्या: अधिकच्या आणि वजाच्या यादीत सारखा आकडा आहे का, हे आधी शोधायचं.

न वटलेल्या चेकची यादी कशी तपासायची?

तारखेने लावून घ्या आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट शेजारी ठेवा. आपल्या ३,१६,२०० मध्ये तीन चेक आहेत.

१,४२,२०० चा चेक २९ मार्चचा, ३ एप्रिलला वटला. पुढे.

६२,००० चा चेक १२ नोव्हेंबर २०२४ चा आहे. चेकची मुदत तारखेपासून ३ महिने असते, २०१२ पासून हाच नियम आहे. म्हणजे हा चेक फेब्रुवारीतच बाद झाला. बँक तो आता घेणार नाही, तेव्हा त्याला न वटलेला चेक म्हणून दाखवता येत नाही. नोंद उलटी फिरवून रक्कम पुरवठादाराच्या खात्यात परत न्यायची: बँक नावे, पुरवठादार जमा. ती उत्पन्नात टाकायची नाही, देणं अजून आहेच. पण एंट्री सांगून थांबू नका. पुरवठादाराने साडेचार महिने चेक का भरला नाही? हरवला असेल, तर बदली चेक आधीच दिला आहे का? दिला असेल तर बुकात तेच पेमेंट दोनदा पडलेलं असणार. हे पाहायला पुरवठादाराचं लेजर आणि त्याच्याकडून आलेला खातेउतारा, दोन्ही लागतात.

आणि तिसरा, ३१ मार्चचा चेक?

१,१२,००० चा हा चेक वटला २२ एप्रिलला. चेक वटायला तीन आठवडे लागणं अशक्य नाही. पण ३१ मार्चची तारीख आणि तीन आठवड्यांचा उशीर एकत्र आले की एकच प्रश्न विचारायचा: चेक हातातून गेला कधी?

मार्च अखेरीला चेक लिहून ड्रॉवरमध्ये ठेवायची पद्धत जुनी आहे. हल्ली तिला आणखी एक कारण मिळालंय. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर खर्चाची वजावट पैसे देण्याच्या वर्षातच मिळते. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. साहजिकच ३१ मार्चला देणी कमी दिसावीत असं सगळ्यांनाच वाटतं. आपल्या उदाहरणात पुरवठादार सूक्ष्म उद्योग आहे, त्याची मुदत मार्चमध्येच संपली होती, आणि त्याची पोच सांगते की चेक १७ एप्रिलला हाती मिळाला. म्हणजे ३१ मार्चला पेमेंट झालेलंच नव्हतं. ही नोंदही उलटते, आणि कर सल्लागाराला कळवायच्या यादीत ही रक्कम जाते.

पुरावा म्हणून पुरवठादाराची सही-तारखेची पोच, कुरिअरची पावती किंवा चेक दिल्याचा त्या दिवशीचा मेल चालतो. पेमेंट व्हाउचरची प्रिंट चालत नाही, ती आपल्याच घरची असते.

बँक चार्जेस बीआरएसमध्ये दाखवले तर बिघडलं कुठे?

बीआरएसमध्ये फक्त वेळेचे फरक राहावेत, म्हणजे आपण नोंद केली आहे आणि बँकेकडे यायची आहे, अशा गोष्टी. बँकेने केलेली आणि आपल्याकडे राहिलेली नोंद ही आपली चूक आहे, ती बुकात त्याच महिन्यात घ्यायची. १,७७० मध्ये १,५०० चार्जेस आणि २७० जीएसटी. बँकेचं बिल असेल आणि २बी मध्ये दिसत असेल, तर २७० वेगळे काढून क्रेडिट घ्या. सगळे १,७७० खर्चात ढकललेले फार ठिकाणी दिसतात.

दुरुस्तीनंतर बीआरएस कशी दिसते?

मूळ बुक शिल्लक १८,४२,६५०. त्यातून चार्जेसचे १,७७० वजा, बाद चेकचे ६२,००० अधिक, ड्रॉवरमधल्या चेकचे १,१२,००० अधिक. नवी बुक शिल्लक २०,१४,८८०. ८८,५०० ची जोडी बँक तारीख योग्य ठिकाणी लावल्यावर दोन्ही याद्यांतून निघून जाते, बुक शिल्लक बदलत नाही. रिसीटवरचा प्रकार चेक ऐवजी एनईएफटी करून यूटीआर टाकायचा.

आता बीआरएसमध्ये दोनच ओळी उरतात: अधिक न वटलेला चेक १,४२,२००, वजा जमा न झालेला चेक ५६,५००. उत्तर तेच, २१,००,५८०. आधीही शून्य फरक होता, आताही आहे. बदलली ती बॅलन्स शीट: बँक १,७२,२३० ने वर, पुरवठादारांची देणी १,७४,००० ने वर, आणि चार्जेसची १,७७० ची नोंद बुकात आली.

चुका दिसल्या की मीच फाइल दुरुस्त करून टाकू का? वेळ वाचतो.

नको. तुम्ही एंट्री टाकली की तुमच्या एंट्रीला तपासणारा कुणी उरत नाही, आणि ज्युनिअर पुढच्या महिन्यात तीच बीआरएस परत आणतो. शिवाय कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा आहे, कुणी कधी काय बदललं ते तिथे राहतं. मार्चच्या तारखेची एंट्री एप्रिलमध्ये टाकणं वर्षअखेरीला चालतंच, पण लॉगमधल्या त्या एंट्रीला फाइलमध्ये कारण आणि मंजुरीचा आधार हवा.

रिव्ह्यू पॉइंट लिहून द्या. "चेकची यादी नीट बघ" असं लिहिलं तर ज्युनिअर बघेल आणि "बघितली" असं लिहून परत करेल. काय दिसलं, काय हवंय, हे स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ:

"१८ मार्चच्या ८८,५०० च्या रिसीटची पे-इन स्लिप फाइलमध्ये नाही. १९ मार्चला त्याच ग्राहकाकडून तेवढाच एनईएफटी आलाय. दोन्ही एकच आहेत का, ते ग्राहकाच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसवरून ठरव आणि अ‍ॅडव्हाइस जोड."

उत्तर इथे उघडपणे सुचवलं आहे. ज्युनिअर नवा असेल तर असं सुचवायला हरकत नाही; वर्ष-दोन वर्षं झालेल्याला फक्त पहिली दोन वाक्यं द्या आणि निष्कर्ष त्याला काढू द्या.

ज्युनिअरचं कारण पटण्यासारखं आहे हे कसं ओळखायचं?

कारण आणि कागद वेगवेगळे ठेवून पाहा. "पार्टीने चेक उशिरा भरला" हे कारण आहे. ते खरं आहे हे कशावरून, ते कागदाने सांगायचं. पुष्कळदा फाइलमध्ये कागद भरपूर असतात, पण त्यातला एकही त्या कारणाला लागू पडत नाही: पुरवठादाराचं बिल जोडलेलं असतं, आणि प्रश्न चेक कधी दिला हा असतो. बिल खरं आहे, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

दुसरं, "मागच्या महिन्यातही असंच होतं" हे कारण म्हणून कधीच घेऊ नका. तीन महिन्यांच्या बीआरएस शेजारी ठेवल्या आणि एकच ओळ तिन्हींत दिसली, तर ती वेळेचा फरक उरलेली नाही.

सही करताना नोंद किती लिहायची?

"तपासले, ओके" एवढ्यावर सही करू नका. सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल तेव्हा तुम्हालाही आठवणार नाही की काय तपासलं होतं. पाच-सहा ओळी पुरतात. आपल्या फाइलला मी अशी नोंद लिहीन:

"३१.०३.२०२५ ची बीआरएस. नेट बँकिंगवरून स्वतः उतरवलेल्या स्टेटमेंटशी शिल्लक २१,००,५८० जुळवली. २५.०४.२०२५ पर्यंतचं पुढचं स्टेटमेंट पाहिलं, उरलेल्या दोन्ही नोंदी २ आणि ३ एप्रिलला साफ झाल्या. रिव्ह्यू पॉइंट ४, चारही बंद. दुरुस्त्या बुकात घेतल्या, मंजुरी जोडली. १,१२,००० बाबत ४३बी(एच) चा मुद्दा कर सल्लागाराकडे पाठवला, उत्तर बाकी. ६२,००० च्या पुरवठादाराचा खातेउतारा बाकी, बदली चेक दिलेला नाही असं लेजरवरून दिसतं."

नाव, सही आणि तारीख, तयार करणाऱ्याची वेगळी आणि तपासणाऱ्याची वेगळी. बाकी राहिलेलं बाकी म्हणूनच लिहा. त्याने सही कमजोर होत नाही, उलट तुम्ही कशावर सही केली आणि कशावर नाही हे वाचणाऱ्याला कळतं.

बंद झालेले रिव्ह्यू पॉइंट फाइलमधून काढून टाकायचे का?

काही ऑफिसांत काढतात, फाइल स्वच्छ दिसावी म्हणून. मी ठेवतो. पॉइंट, त्याचं उत्तर आणि बंद केल्याची तारीख, तिन्ही एका ओळीत. पॉइंट बंद करायचा तो तपासणाऱ्यानेच. ज्युनिअरने स्वतःच "क्लोज्ड" लिहून पाठवलेलं धरायचं नाही. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचर निदान ८ वर्षं जपायची असतात, बीआरएस आणि तिचे कागद त्यांच्याच शेजारी ठेवा.

रिसीट टाकणारा आणि बीआरएस करणारा एकच माणूस असेल तर?

छोट्या ऑफिसात तो एकच असतो, त्याला इलाज नाही. मग स्टेटमेंट तुम्हीच उतरवा, आणि महिन्यातून तीन-चार जमा रकमा स्टेटमेंटवरून उलट्या दिशेने बुकात शोधा: पैसे ज्याच्याकडून आले, त्याच ग्राहकाच्या खात्यात, त्याच तारखेला पडलेत का? एका ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात आणि त्याचे तिसऱ्याच्या, अशी साखळी चालू असेल तर ती बीआरएसमध्ये कधीच दिसत नाही, कारण एकूण रक्कम जुळलेलीच असते. ग्राहकांकडून थेट तुमच्या पत्त्यावर शिल्लक मागवली की ती दिसते.